गिराण, सुरी आणि गरोदरपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या एका आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी रक्तदाब आणि वजन झालं की खुर्ची थोडी पुढे ओढून, आवाज खाली आणून जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. पंचांगात ग्रहण, आमच्या बोलीत गिराण, असलं की त्या आठवड्यात दुसरं काही विचारलंच जात नाही.

ग्रहणात सुरी, विळी, कात्री हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो का?

नाही. पण नुसतं "नाही" म्हणून घरात कोणाचं समाधान होत नाही, म्हणून ओठ कधी तयार होतो ते आधी समजून घ्या.

बाळाचा चेहरा एका तुकड्यात बनत नाही. दोन्ही बाजूंचे भाग मधल्या भागाकडे सरकत येतात आणि जुळतात. वरचा ओठ गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. टाळू त्यानंतर, आणि तिसरा महिना संपेपर्यंत तीही मिटलेली असते. जुळणं अर्धवट राहिलं तर ओठ किंवा टाळू दुभंगलेली राहते. म्हणजे तो फाटत नाही, सांधायचा राहतो. हा फरक मी प्रत्येकीला सांगते, कारण "फाटला" म्हटलं की कोणीतरी फाडला असं वाटतं, आणि मग बोट आईकडे जातं.

पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात तुम्ही आदोळीवर बसून नारळ खवलात, सुरमई कापलीत किंवा ब्लाउजला हुक लावलात, तरी जुळून गेलेला ओठ पुन्हा उघडत नाही.

पण आमच्या वाड्यावर एका बाईने ग्रहणात भाजी चिरली आणि तिचं मूल तसंच झालं. ते कसं?

जगभरात साधारण दर 700 बाळंतपणांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. प्रत्येक तालुक्यात अशी मुलं असणारच. असं मूल जन्मलं की घरचे मागे वळून नऊ महिने चाळतात, आणि नऊ महिन्यांत एखादं ग्रहण सापडणं काही कठीण नाही. त्या दिवशी काय केलंस, असं दहा वेळा विचारलं की आईला काहीतरी आठवतंच. ग्रहणात चिरून, शिवून ज्यांची मुलं ठणठणीत झाली, त्यांना कोणीच विचारायला जात नाही.

एक गंमत सांगते. 7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणाला आमच्याकडे जी तीस आठवड्यांची गरोदर होती, तिच्या बाळाचा ओठ मार्च महिन्यात, शिगम्याच्या सुमारास जुळत होता. त्याच मार्चमध्ये 14 तारखेला खग्रास चंद्रग्रहण झालं आणि 29 तारखेला खंडग्रास सूर्यग्रहण. दोन्ही भारतातून दिसणार नव्हती, म्हणून गोव्यात कोणी सुरी बाजूला ठेवली नाही आणि कोणी तिला बसवून ठेवलं नाही. ज्या आठवड्यांत खरंच काही होऊ शकलं असतं, ते तिने नेहमीसारखं रांदप करत घालवले. सप्टेंबरमध्ये मात्र सगळं घर तिच्या हाताकडे बघत होतं.

हा मुद्दा घरी वापरू नका. "दिसत नाही ते गिराण लागत नाही" असं उत्तर आजींकडे तयार असतं, आणि धर्मशास्त्रही तसंच सांगतं. तो तुमच्या स्वतःच्या मनासाठी आहे.

मग खरी कारणं कोणती?

बरेचदा एकच कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. घराण्यात कोणाला असेल तर शक्यता वाढते. आईला गरोदर राहण्याआधीपासून मधुमेह असणं, सिगारेट ओढणं आणि फिटांवरची काही औषधं यांनीही धोका वाढतो. फिटांच्या गोळ्या घेत असाल तर मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांशी बोला. गोळी स्वतःहून बंद मात्र करायची नाही. फिट येणं हे आई आणि बाळ दोघांसाठी जास्त वाईट.

फोलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याआधीपासून पहिले तीन महिने घेतली तर पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे काही जन्मदोष टळतात, हे पक्कं आहे. ओठाबाबत तितकं ठामपणे सांगता येत नाही, पण घ्यायची ती आहेच.

सुरी न धरण्याने काही बिघडत नाही ना? मग ऐकलं तर काय झालं?

चार तास सुरी न धरण्याने काहीच बिघडत नाही. उलट त्या दिवशी भाजी दुसऱ्या कोणी चिरली तर बरंच. मी स्वतः माझ्या दुसऱ्या वेळी निमूटपणे बसून राहिले होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मी त्यांच्याशी गप्पा मारल्या.

ऐकणं वेगळं आणि "नाहीतर मुलाचा ओठ फाटेल" हे मान्य करणं वेगळं. ते एकदा मान्य केलं की पुढे काहीही झालं, अगदी बाळाच्या मांडीवर तांबडा डाग दिसला, तरी तुमचाच हिशेब तपासला जातो. म्हणून हात थांबवा, पण तोंडाने हो भरू नका. "तुम्हाला बरं वाटतं ना, मग बसते मी" एवढं म्हणा. "हो, नाहीतर बाळाला लागेल" असं म्हणू नका.

आणखी एक. मेक्सिकोत जुन्या समजुतीप्रमाणे ग्रहणात गरोदर बाई पोटापाशी मुद्दाम धातूची पिन लावते, बाळाचं रक्षण व्हावं म्हणून. भीती तीच, ओठ दुभंगण्याची. आपल्याकडे साडीची पिन काढून ठेवायला सांगतात, तिकडे लावायला सांगतात.

वेध धरून उपाशी राहायचं का?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा, कारण ग्रहणाच्या दिवशी माझ्यासमोर जो त्रास आला आहे तो सुरीचा कधीच नव्हता. तो उपाशी राहण्याचा आणि पाणी न पिण्याचा होता.

हिशेब करून पाहा. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी लागतात. सूर्यग्रहणाचे चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी. 7 सप्टेंबर 2025 ला ग्रहणाचा स्पर्श रात्री 9:57 ला होता आणि मोक्ष 1:26 ला. वेध दुपारी एकपासून धरले तर मोक्षापर्यंत साडेबारा तास होतात. त्यात मोक्षानंतरची आंघोळ आणि मग चूल पेटवणं धरा.

गरोदर बाईचं शरीर इतका वेळ उपास धरायला बनलेलं नाही. साखर लवकर उतरते आणि शरीर चरबी जाळू लागतं. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. पाणी कमी पडलं की पोट आवळून येऊ शकतं, आणि मग अर्ध्या रात्री "कळा आल्या का?" म्हणून धावपळ. लघवी धरून ठेवली तर जंतुसंसर्गाला निमंत्रण, आणि गरोदरपणात तो लवकर वर मूत्रपिंडापर्यंत चढतो.

आता वडिलधाऱ्यांशी बोलायला सगळ्यात उपयोगी गोष्ट. वेध पूर्ण पाळायला गरोदर बाईला परंपराही सांगत नाही. बालक, वृद्ध, आजारी आणि गरोदर यांच्यासाठी वेध उशिरा धरावेत, अशी सूट पंचांगांत ग्रहणाच्या मजकुरातच छापलेली असते. घरचं पंचांग उघडा, ते पान शोधा आणि आजींना मोठ्याने वाचून दाखवा. किंवा देवळातल्या भटजींना सासूबाईंच्या समोरच विचारा. डॉक्टरचं म्हणणं ज्या घरात "त्यांना काय कळतंय" म्हणून बाजूला पडतं, तिथे भटजींचं एक वाक्य काम करून जातं.

मधुमेह असेल, इन्सुलिन चालू असेल तर? त्या रात्रीचं एखादं उदाहरण सांगा ना.

तीच तीस आठवड्यांची सून. घर फोंड्याकडचं. गरोदरपणातला मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिन. सासूबाईंचं म्हणणं, दुपारच्या जेवणानंतर मोक्षापर्यंत काही नको. ती शुक्रवारी आली आणि म्हणाली, "उपास करते, इंजेक्शन तेवढं घेते." मला घामच फुटला. जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन जेवलं नाही तर साखर धोक्याइतकी उतरते. आणि इन्सुलिन आपल्या मनाने बंद केलं तर ती चढते. दोन्ही वाटा वाईट.

आम्ही सासूबाईंना शनिवारी बोलावलं. मी ग्रहण खरं की खोटं हा विषयच काढला नाही. वेळापत्रक काढलं. दुपारचं जेवण साडेबाराला, नेहमीप्रमाणे. पंचांगातली सूट धरून साडेचारला मूठभर चणे आणि ताक. रात्रीचं जेवण साडेसातला, म्हणजे स्पर्शाच्या दोन-अडीच तास आधी, पोळी आणि मुगागाठी, आणि त्याच्या आधीचं इन्सुलिन डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत. इथवर सासूबाईंची काही हरकत नव्हती. अडलं ते रात्रीच्या दुधावर, कारण डॉक्टरांनी झोपण्यापूर्वी काहीतरी खायला सांगितलं होतं आणि ती वेळ नेमकी ग्रहणात येत होती. त्यावर तोडगा सासूबाईंनीच काढला: दुधात आधीच तुळशीचं पान घालून ठेवायचं. पाण्याच्या तांब्यातही. मी म्हटलं, उत्तम.

एक गोष्ट मात्र कागदावर लिहून दिली. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर लगेच साखर तपासायची. 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढीच, आणि सावरल्यावर काहीतरी खायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, 108 ला फोन. हे सगळं ग्रहण लागलेलं असतानाही. सासूबाईंनी कागद देवाच्या फोटोमागे खोचला. तो वापरावा लागला नाही. सून साडेदहाला दूध पिऊन झोपली, आणि सासूबाई एकपर्यंत जप करत जाग्या राहिल्या.

ग्रहण संपेपर्यंत सरळ उताणं पडून राहायचं, हलायचं नाही, हे बरोबर आहे का?

पाचव्या महिन्यानंतर उताणं पडून राहू नका. गर्भाशयाचं वजन पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं, हृदयाकडे रक्त कमी येतं, चक्कर येते, आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. शेवटच्या तीन महिन्यांत तर झोपही कुशीवरच हवी. "हातपाय वाकवले तर बाळाचे वाकतात" यात तथ्य नाही. बाळ आत पाण्यात तरंगत असतं आणि तुम्ही निश्चल असलात तरी लाथा मारतच असतं. कुशीवर व्हा, उठून फेरी मारा, लघवीला जा.

खोलीचं दार-खिडक्या बंद करून, पंखा न लावता बसवतात, तेही नको. मे महिन्यात आपल्याकडे कसा उकाडा असतो ते वेगळं सांगायला नको.

ग्रहणाचा प्रकाश पोटावर पडला तर?

चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या आड येतो. आर्यभटाने हे इ.स. 499 मध्ये लिहून ठेवलं आहे. राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू, म्हणून त्यांच्याशिवाय ग्रहणाचं गणित मांडता येत नाही. ग्रहणात कुठलेही नवे किरण येत नाहीत, उलट असतात तेच कमी होतात.

खरी काळजी सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी वर बघण्याची. त्याने डोळ्याचा पडदा कायमचा जळू शकतो, आणि ते गरोदर असो वा नसो, सगळ्यांनाच लागू. चंद्रग्रहण खुशाल बघा.

ग्रहणातच रक्त गेलं, पाणी फुटलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर?

त्याच मिनिटाला निघा. मोक्षाची वाट बघू नका, आंघोळीची बघू नका. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, नियमित कळा, यांतलं काहीही झालं तर 108. रुग्णालयाचं दार ग्रहणात बंद होत नसतं. हे एकच वाक्य ग्रहणाच्या आधी घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा: "इमर्जन्सी आली तर आपण निघायचं, बरं का." शांत वेळी कोणी नाही म्हणत नाही, आणि ऐनवेळी त्या होकाराचा आधार होतो.

बाकीचं काय? पपई, केशर, तिनसांजेला बाहेर न जाणं, दिश्ट काढणं?

कच्च्या पपईत चीक असतो, ती टाळलेली बरी. पूर्ण पिकलेली प्रमाणात खाल्ली तर काही होत नाही. केशराने बाळ गोरं होत नाही. रंग आईबापांकडून येतो, डबीतून नाही, पण दुधात दोन काड्या आवडत असतील तर घाला. तिनसांजेला चिंचेखाली जाऊ नये म्हणतात. पावसाळ्यात त्या वेळी पालापाचोळ्यात पाय घालू नये एवढं मात्र मीही सांगेन, भुतापेक्षा विंचू-सापासाठी.

दिश्ट काढू द्या. मीठ-मिरच्या ओवाळून आजीला शांत झोप लागत असेल तर तेवढं चालेल. फक्त मिरच्या चुलीत टाकताना तुम्ही दुसऱ्या खोलीत असा. दमा असेल तर घराबाहेर.

"गिराण आसा, सुरयेक हात लावूं नाका गो" असं आजी म्हणाल्या तर नेमकं काय बोलायचं?

पहिली गोष्ट, तो वादाचा क्षण नाही. त्या वेळी "बरं आजी" म्हणा आणि सुरी ठेवा. बोलायचं असेल ते चार दिवस आधी, दुपारच्या निवांत वेळी, आणि शक्यतो एकटीने नाही. सासूबाईंशी नवऱ्याने बोलावं, आईशी तुम्ही. सून बोलली की तो उलट जबाब होतो, मुलगा बोलला की काळजी होते. बरोबर आहे असं नाही, पण आमच्या घरांत असंच चालतं.

दुसरी गोष्ट, आधी विचारा. "आजी, तुमच्या वेळी काय करायचे?" यामागे बहुतेक वेळा एखादी हकीकत निघते. एका आजींनी मला सांगितलं की त्यांच्या बहिणीचं मूल ओठाचं झालं, दूध नाकातून यायचं, आणि ते दोन महिन्यांत गेलं. तेव्हा ना शस्त्रक्रिया, ना कोणी दूध कसं पाजायचं ते सांगणारं. त्या आजी मला अंधश्रद्धाळू वाटल्या नाहीत. त्या घाबरलेल्या होत्या, आणि त्यांच्या हातात सुरी लपवण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांना मी सांगितलं की आता पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ओठ पाहतात आणि शस्त्रक्रिया होते. त्यानंतर त्यांनी सुरीचा विषय काढला नाही, सोनोग्राफी कधी आहे तेवढं विचारलं.

तिसरी, दोन-तीन गोष्टी त्यांच्या घ्या आणि दोन आपल्या ठेवा. तुळशीपत्र, जप, सुरी न धरणं, मोक्षानंतर आंघोळ (कोमट पाण्याने) हे त्यांचं. खाणं-पाणी-औषध आणि रुग्णालय हे आपलं. हे असं म्हणता येतं: "आजी, तुम्ही सांगाल तशी बसते. पण डॉक्टरनी उपाशी राहायला मनाई केली आहे, कार्डावर लिहून दिलंय. तुम्हीच तुळशीचं पान घालून द्या, म्हणजे मी पिते." शेवटच्या वाक्यामुळे पेला त्यांच्या हातातून येतो, आणि तो तुम्ही त्यांच्या मनाविरुद्ध प्यायलात असं होत नाही. कार्डावर लिहून हवं असेल तर तपासणीला आल्यावर मागा. आम्ही आनंदाने लिहितो.

आणि खरंच बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला, तर घरच्यांना काय सांगायचं?

आधी बाळाचं. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ बऱ्याचदा दिसतो, नुसती टाळू दुभंगलेली असेल तर बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून जन्मानंतर बॅटरीच्या उजेडात टाळू पूर्ण मागेपर्यंत पाहिली का, असं विचारा. दूध ओढता येत नसेल, नाकातून येत असेल, वजन वाढत नसेल तर ती शंका घ्यायची. बाळाला उभं धरून, थोडं थोडं, गरज पडली तर चमच्याने किंवा खास बाटलीने पाजायचं, ते परिचारिकेकडून शिकून घरी जा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत करतात. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष धरलेला आहे, अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रातून पुढे पाठवतात. टाळूच्या मुलांचे कान वरचेवर तपासावे लागतात आणि बोलणं शिकवायला मदत लागते, हे आधीच ठाऊक असू द्या.

घरच्यांना आईने काही सांगू नये. ते डॉक्टरांनी सांगावं, प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, सासू-सासरे, नवरा आणि माहेरची माणसं एकत्र असताना: "हे तिसऱ्या महिन्याच्या आत ठरलं. तिने केलेल्या कशाने झालेलं नाही." तशी विनंती करा. कोणी डॉक्टर घाईत असतील तर वॉर्डातल्या सिस्टरला सांगा, आम्ही त्यांना थांबवून ठेवतो.

पुढचं ग्रहण कधी पाहायला मिळणार, म्हणजे तयारी करता येईल?

मोठं लक्षात ठेवण्यासारखं 2 ऑगस्ट 2027 चं सूर्यग्रहण. इजिप्तमध्ये ते खग्रास दिसेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. त्या दिवशी दिव्यांची अवस आहे आणि वार सोमवार. सूर्यग्रहण असल्याने वेध पहाटेपासूनच धरले जातील, म्हणजे सकाळच्या पेजेपासून प्रश्न सुरू. त्या सुमारास दिवस गेलेले असतील तर आजींशी जुलैतच बोलून घ्या, आणि पंचांगाचं ते पान दुमडून ठेवा.